हंगामापूर्वी कॅप्टनचं पाच मिनिटांचं भाषण: झोप, खाणं आणि पाणी

हंगामाला चार आठवडे उरले की क्लबचा कॅप्टन एकदा तरी सगळ्यांना गोळा करून झोप, खाणं आणि पाणी यांवर बोलतो. बहुतेक वेळा ते बोलणं "वेळेवर झोपा, नीट खा, भरपूर पाणी प्या" इतक्यावरच संपतं आणि पुढच्या सरावाला कोणाचंही काही बदललेलं नसतं. ऐकणाऱ्यांना पटत नाही असं नाही. पण नेमकं किती वाजता काय करायचं हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून या लेखात भाषणाची तयारी, प्रत्यक्ष भाषण आणि त्यानंतरचे दोन आठवडे असं सगळं क्रमाने मांडलं आहे.

त्यासाठी एक उदाहरण धरून चालू. अठरा खेळाडूंचा हौशी फुटबॉल संघ आहे. सगळ्यात लहान खेळाडू सोळाचा, सगळ्यात मोठा अडतीसचा. बहुतेक जण नोकरी किंवा शिक्षण सांभाळून खेळतात. सराव मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी ७.३० ते ९, मॅच रविवारी सकाळी ११ ला. तुमचा खेळ आणि वेळा वेगळ्या असतील, पण हिशोब असाच करायचा.

आधी वेळापत्रक कागदावर मांडा

भाषण लिहायला बसण्याआधी संघाचा आठवडा तासांमध्ये मांडा. त्यातच तुमचे मुद्दे सापडतात. वरच्या संघाचा मंगळवार बघा. माणूस दुपारी एकला जेवतो, सहाला काम संपवतो, तिथून थेट मैदानावर येतो आणि साडेसातला धावायला लागतो. म्हणजे जेवणानंतर साडेसहा तासांनी. नऊला सराव संपतो, घरी पोहोचायला पावणेदहा, मग आंघोळ, जेवण, फोन. झोपायला साडेबारा. सकाळी साडेसहाला गजर. झोप झाली सहा तास, तीही डोळा लगेच लागला तर.

या एका दिवसात दोन भोकं स्पष्ट दिसतात. एक संध्याकाळच्या खाण्याचं, दुसरं सरावाच्या रात्रीच्या झोपेचं. या संघापुढे "सकस आहार घ्या" असं म्हणणं म्हणजे मूळ अडचणीला वळसा घालून जाणं आहे.

पाण्याचं भोक मात्र कागदावर दिसत नाही. ते वजनकाट्यावर दिसतं.

भाषणाच्या आठवडाभर आधी: घामाचं मोजमाप

माझ्या मते या सगळ्या तयारीत सर्वाधिक उपयोगाचं काम हेच. यासाठी १०० ग्रॅमपर्यंतचा फरक दाखवणारा साधा डिजिटल काटा पुरतो. तो कडक, सपाट जमिनीवर ठेवायचा, कारण गवतावर किंवा मॅटवर आकडा हलतो. तीन-चार जणांना आधी विचारून तयार करा. त्यात वेगवेगळ्या अंगयष्टीचे आणि वेगवेगळ्या जागी खेळणारे खेळाडू असावेत.

सरावाआधी लघवीला जाऊन आल्यावर, बूट काढून, कमीत कमी कपड्यांत वजन घ्यायचं. प्रत्येकाने स्वतःच्याच बाटलीतून प्यायचं आणि बाटलीत सुरुवातीला किती पाणी होतं ते लिहून ठेवायचं. सराव संपला की घाम टॉवेलने नीट पुसून, तेवढ्याच कपड्यांत पुन्हा वजन. घामाने भिजलेला टीशर्ट अंगावर ठेवून वजन केलं तर त्यात मुरलेला घामही मोजला जातो आणि आकडा फसवतो. मधे कोणी लघवीला जाऊन आलं तर त्याचा त्या दिवशीचा आकडा सोडून द्या.

हिशोब सोपा आहे. कमी झालेले किलो अधिक प्यायलेले लिटर, एवढा घाम गेला. तीन खेळाडूंचे आकडे धरू. विंगरचं वजन ७४.० किलोवरून ७३.१ झालं आणि तो ४०० मिली पाणी प्यायला. म्हणजे घाम ०.९ अधिक ०.४, एकूण १.३ लिटर. सेंटर बॅक ८८.० वरून ८६.२ वर आला आणि ३०० मिली प्यायला. त्याचा घाम २.१ लिटर. गोलकीपर मात्र ६२.० वरून ६२.४ वर गेला. तो १.२ लिटर प्यायला होता आणि त्याचा घाम होता फक्त ०.८ लिटर.

तिघंही त्याच मैदानावर, त्याच हवेत दीड तास होते. सेंटर बॅकने वजनाच्या दोन टक्क्यांहून थोडं जास्त पाणी गमावलं. खेळाडूंसाठीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये साधारण हीच सीमा धरतात: दोन टक्क्यांपुढे गेलं, विशेषतः उष्ण हवेत, तर दम लवकर लागतो, हृदयाचे ठोके वाढतात आणि लक्ष ढळू लागतं. विंगर १.२ टक्क्यांवर आहे, त्याचं ठीक चाललंय. गोलकीपर गरजेपेक्षा जास्त पितोय. आता या तिघांसमोर उभं राहून "सगळ्यांनी तीन लिटर प्या" असं सांगितलं, तर ते फार तर एकाला लागू पडेल.

एक पथ्य कडक पाळा. वजन ही खाजगी गोष्ट आहे. काटा आडोशाला ठेवा, आकडा ज्याचा त्यालाच दिसू द्या आणि तुमच्याकडे फक्त फरक येऊ द्या. नको म्हणणाऱ्याला कारण विचारू नका. खाण्यावरून आणि वजनावरून मनात झगडणारे खेळाडू प्रत्येक खेळात असतात आणि ते बाहेरून ओळखू येत नाहीत. कोणाच्याही शरीरावर शेरा नको, कौतुकाचाही नको.

शिवाय हा आकडा त्या दिवसाच्या हवेपुरताच खरा असतो. तापमान आणि दमटपणा शेजारी लिहून ठेवा आणि हवा बदलली की पुन्हा मोजा.

तिन्ही विषयांत एकेकच मागणी

माणूस पाच मिनिटांच्या बोलण्यातून तीन गोष्टी घरी नेतो. त्यामुळे झोपेबद्दल एक, खाण्याबद्दल एक आणि पाण्याबद्दल एक अशाच मागण्या ठेवा. प्रत्येक मागणीत घड्याळाची वेळ किंवा मोजता येणारं माप असलं पाहिजे.

झोपेपासून सुरुवात करू. प्रौढांसाठी सात ते नऊ तास आणि चौदा ते सतरा वयाच्या मुलांसाठी आठ ते दहा तास ही सर्वमान्य शिफारस आहे. कॅप्टन सहसा इथे फसतो. सरावाच्या रात्री लवकर झोपायला सांगतो, आणि तीच रात्र सुधारायला सर्वांत अवघड असते. नऊपर्यंत धावलेल्या माणसाचं अंग तापलेलं असतं, डोकं मैदानावरच असतं, पोट रिकामं असतं. त्याला साडेदहाला अंथरुणात घातलं तरी तो छताकडे बघत पडतो. म्हणून सरावाच्या दोन रात्रींचा आग्रह सोडा आणि उरलेल्या पाच रात्री मागा. रोज ४५ मिनिटं आधी अंथरुणावर, उठायची वेळ मात्र तीच. पाच रात्रींचे पावणेचार तास होतात. एकदम ४५ मिनिटं जमत नसतील तर पहिल्या आठवड्यात १५, दुसऱ्यात ३०, असं सरकवत न्यावं. चार आठवडे आधी बोलायचं ते यासाठीच.

झोप वाढवल्याने खेळात फरक पडतो का, असं कोणीतरी विचारणारच. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या बास्केटबॉल खेळाडूंचा २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगता येईल. अकरा खेळाडूंना पाच ते सात आठवडे रोज दहा तास अंथरुणात राहायला सांगितलं होतं. त्यांची ठरलेल्या अंतराची धाव सरासरी १६.२ सेकंदांवरून १५.५ वर आली आणि फ्री थ्रो नऊ टक्क्यांनी सुधारले. पण त्याच दमात हेही सांगा, की अभ्यास छोटा होता आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. संघातल्या मुलांसाठी दुसरा एक अभ्यास जास्त लागू पडतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत, आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या किशोर खेळाडूंना दुखापत होण्याची शक्यता १.७ पट आढळली. कमी झोपेमुळेच दुखापत होते हे त्यातून सिद्ध होत नाही, पण सोळा वर्षांच्या मुलाच्या पालकांना सांगण्याइतकं ते नक्कीच वजनदार आहे.

मॅचच्या आदल्या रात्रीबद्दल एक वाक्य आवर्जून ठेवा. त्या रात्री झोप न लागणं अगदी सर्रास घडतं, आणि "झोप लागली नाही, आता संपलंच" ही धास्ती झोपेपेक्षा जास्त नुकसान करते. एका वाईट रात्रीने फारसं बिघडत नाही. रविवारच्या मॅचसाठी बुधवार आणि शुक्रवारच्या रात्री सांभाळल्या, तर शनिवारची थोडी उणीव चालून जाते. कॉफी आणि एनर्जी ड्रिंकबद्दल इतकंच, की कॅफिनचं शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त. संध्याकाळी सहाला तरतरीसाठी घेतलेलं कॅफिन रात्री अकराला अर्धं अंगात असतं.

आता खाणं. कागदावर सापडलेलं साडेसहा तासांचं भोक बुजवणं हीच इथली मागणी. धावण्याच्या खेळात स्नायू मुख्यतः साठवलेल्या कर्बोदकांवर चालतात. खेळाच्या एक ते चार तास आधी शरीराच्या दर किलो वजनामागे १ ते ४ ग्रॅम कर्बोदकं, ही खेळाडूंच्या आहाराची प्रचलित शिफारस आहे. वेळ जितका कमी तितकं प्रमाण कमी. ७० किलोच्या खेळाडूने सरावाच्या सव्वा तास आधी, म्हणजे सव्वासहाला, साधारण ७० ग्रॅम घ्यायची. दोन केळी आणि जॅम लावलेले ब्रेडचे दोन स्लाइस म्हणजे जवळपास तेवढीच होतात. हे बॅगेत मावतं आणि काम संपताना खाता येतं.

मॅचच्या दिवशी सकाळी ११ ला सुरुवात असेल तर आठला पोटभर खायचं. तीन तास आहेत, म्हणून दर किलोमागे २ ग्रॅम धरा: ७० किलोला १४० ग्रॅम. ब्रेडचे चार स्लाइस, त्यावर भरपूर जॅम, दोन केळी आणि एक ग्लास दूध म्हणजे साधारण तेवढं. भात खाणाऱ्याला सोपं जावं म्हणून सांगतो, १५० ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे ४० ग्रॅम कर्बोदकं असतात. तेलकट, तुपकट आणि चोथा जास्त असलेले पदार्थ इतर दिवशी खुशाल खावेत, पण या जेवणात कमी असावेत, कारण ते पोटात रेंगाळतात आणि पहिल्या वीस मिनिटांत जड वाटतं. मॅचच्या सकाळी नवा पदार्थ खायचा नाही. जे खायचं ते आधी एखाद्या सकाळच्या धावण्यापूर्वी, तेवढंच अंतर ठेवून, खाऊन बघायचं.

प्रथिनांवर बोलायचा मोह होईल, पावडरीचे प्रश्नही येतील. भाषणात तो विषय काढू नका. सरावानंतरच्या जेवणात २० ते २५ ग्रॅम प्रथिनं असावीत, एवढं विचारणाऱ्याला सांगितलं की पुरे. पूरक पावडरींची शिफारस कॅप्टनने करू नये. त्यातल्या काहींत लेबलवर न लिहिलेले, खेळात बंदी असलेले घटक सापडलेले आहेत.

पाण्याची मागणी मोजमापातूनच येते: प्रत्येकाने एकदा स्वतःचा घाम मोजावा आणि त्यावरून आपली बाटली ठरवावी. सेंटर बॅकने दीड तासात ३०० मिलीऐवजी ८०० मिली ते १ लिटर घेतलं तर तो दोन टक्क्यांच्या आत राहतो. गेलेला सगळा घाम खेळतानाच भरून काढायची गरज नाही. गोलकीपरने तहान लागेल तेव्हाच प्यावं. मॅचच्या सकाळी दर किलोमागे ५ ते ७ मिली, म्हणजे ७० किलोला साधारण दोन ग्लास, उठल्यावर सातच्या सुमारास. शरीराला नको असलेलं पाणी अकराच्या आत बाहेर पडून जातं. खेळानंतर झपाट्याने भरपाई करायची असेल, म्हणजे त्याच दिवशी दुसरी मॅच असेल, तरच दर कमी झालेल्या किलोमागे सव्वा ते दीड लिटर हळूहळू, खारट काहीतरी सोबत घेऊन. एरवी नेहमीचं जेवण आणि तहानेप्रमाणे पाणी पुरतं.

कधी आणि कुठे बोलायचं

सराव सुरू होण्यापूर्वी बोला. संपल्यावर सगळे थंडीने किंवा भुकेने घराकडे पळायच्या घाईत असतात. लोकांना बसवा, तुम्ही उभे राहा. सूर्य किंवा फ्लडलाइट तुमच्या तोंडावर येऊ द्या, त्यांच्या नाही. फोनवर बघून वाचू नका, तळहाताएवढ्या कागदावर तीन आकडे लिहून ठेवा. वजनाचे फरक सांगायची परवानगी त्या तिघांकडून आदल्या दिवशीच घ्या आणि मूळ वजनं मुळीच सांगू नका.

क्रम मी पाणी, खाणं, झोप असा ठेवतो. पाण्याचे आकडे संघाचे स्वतःचे असतात, त्यामुळे माना लगेच वर होतात. झोप शेवटी, कारण तिथे सगळ्यात मोठी मागणी आहे आणि शेवटचं ऐकलेलं डोक्यात राहतं.

भाषण

"ऐका सगळे, पाचच मिनिटं. बसून घ्या.

पहिली मॅच चार आठवड्यांवर आली. धावणं, पासिंग हे कोच बघतील. मला तुमच्याकडून तीन गोष्टी हव्या आहेत आणि तिन्ही मैदानाबाहेरच्या आहेत.

पहिली पाण्याची. गेल्या आठवड्यात आपल्यातल्या तिघांनी सरावाआधी आणि नंतर वजन केलं. दीड तासात एकाचा घाम गेला सव्वा लिटरच्या थोडा वर. दुसऱ्याचा दोन लिटरच्या वर आणि तो प्यायला जेमतेम एक ग्लास. तिसरा इतका प्यायला की सराव संपल्यावर त्याचं वजन वाढलेलं होतं. मैदान एकच, वेळ एकच. म्हणून मी कोणाला 'इतके लिटर प्या' असं सांगणार नाही. काटा आतल्या खोलीत ठेवलाय, दार लावून घ्या, आकडा तुमच्यापाशीच ठेवा. पुढच्या दोन आठवड्यांत एकदा मोजा. वजन दीड-दोन किलोने उतरलं तर बाटली मोठी आणा. वाढलं तर कमी प्या. ज्याला मोजायचं नाही त्याने मोजू नये, त्याला कोणी काही विचारणार नाही.

दुसरी खाण्याची. मंगळवारी आणि गुरुवारी आपण दुपारी एकला जेवतो आणि साडेसातला धावतो. मधे साडेसहा तास काही नाही. सव्वाआठनंतर आपले पास का चुकतात, याचं निदान एक कारण तिथे आहे. संध्याकाळी सव्वासहाला काहीतरी खा. दोन केळी, दोन स्लाइस ब्रेड, तुमच्या पोटाला मानवेल ते. रविवारी आठला पोटभर नाश्ता, अकराला मॅच. त्या सकाळी नवीन काही नाही, जे खाणार ते आधी खाऊन बघितलेलं.

तिसरी झोपेची. सरावाच्या रात्री उशीर होतो, तो होणारच. त्या दोन रात्री मी मागत नाही. उरलेल्या पाच मागतो. रोज पाऊण तास आधी अंथरुणावर, उठायची वेळ तीच. या आठवड्यात पंधरा मिनिटांनी सुरुवात करा. संघातल्या शाळा-कॉलेजच्या मुलांनो, तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त झोप लागते, आठ तासांच्या खाली जाऊ नका. ज्यांच्या घरी तान्हं बाळ आहे किंवा रात्रपाळी आहे, त्यांनी मला येऊन भेटा, आपण तुमच्यापुरतं वेगळं काहीतरी बसवू. आणि मॅचच्या आदल्या रात्री झोप लागली नाही तर घाबरू नका. बुधवारी आणि शुक्रवारी नीट झोपलात तर तुम्ही खेळू शकता.

कोणाला मधुमेह असेल, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असेल, कसली औषधं चालू असतील, तर पाण्याचं आणि खाण्याचं माझं बोलणं बाजूला ठेवा आणि डॉक्टरांचं ऐका. मला सांगायलाच हवं असं नाही.

पाणी मोजून, संध्याकाळी सव्वासहाला खाणं, पाच रात्री पाऊण तास. चला, वॉर्म-अप."

सावकाश बोललात तरी हे पाच मिनिटांच्या आत संपतं. तुमच्या वेळा घालताना वाक्यं लांबवू नका. रात्रपाळीवाल्याला काय सांगायचं ते आधी ठरवून ठेवा: त्याच्यासाठी सरावाआधी, कामावरून आल्यावरच्या मुख्य झोपेखेरीज, २० ते ३० मिनिटांची डुलकी उपयोगी पडते. ती जास्त लांबली तर उठल्यावर अर्धा तास डोकं जड राहतं, म्हणून गजर लावावा आणि डुलकी व सराव यांत पुरेसं अंतर ठेवावं.

पुढचे दोन आठवडे

दुसऱ्या दिवसापासून हजेरी घेतल्यासारखं विचारत सुटू नका. तुम्ही काय करता ते सगळे बघत असतात. सव्वासहाला तुमच्या हातात केळं असेल आणि उशिरा येणाऱ्यांसाठी चार जास्तीची असतील, तर त्याने बोलण्यापेक्षा जास्त काम होतं.

काय चुकतंय हे काही खुणांवरून कळतं. सराव सुरू होताना ठीक असलेला खेळाडू पाऊण तासाने चिडचिडा आणि ढिला होत असेल, तर आधी त्याने संध्याकाळी काय खाल्लं ते विचारा. पाण्याचा प्रश्न नंतर. कोणाला पळताना पोटात कळ येत असेल तर खाणं आणि खेळ यांतलं अंतर अर्ध्या तासाने वाढवून बघा, पदार्थ बदलण्याची घाई नको. सकाळच्या पहिल्या लघवीचा रंग सलग काही दिवस गडद असेल तर पाणी कमी पडतंय असं समजायला हरकत नाही. मात्र जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्याचा रंग भडक पिवळा होतो, तेव्हा ती खूण त्याच्यासाठी निकामी ठरते. रंग अगदी पाण्यासारखा ठेवण्याचा अट्टाहासही नको.

एक खूण मात्र कधीच डोळ्याआड करू नका. अतिपाण्याने रक्तातलं सोडियम घसरतं तेव्हा डोकेदुखी, मळमळ, बोटं सुजणं, गोंधळल्यासारखं वागणं दिसतं. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं होतं, आणि शर्यतीत वजन वाढलेल्यांना हा धोका जास्त होता. गोम अशी, की उष्माघातातही डोकं दुखतं, ओकारी होते आणि माणूस गोंधळतो. त्यामुळे खेळाडू असंबद्ध बोलू लागला, नीट उभा राहू शकत नसला किंवा उलट्या करत असला, तर त्याच्या तोंडात पाणी ओतू नका. लगेच वैद्यकीय मदत बोलवा. तो उन्हात किंवा दमट हवेत खेळत होता आणि अंग तापलेलं असेल तर मदत येईपर्यंत थांबू नका, सावलीत नेऊन अंगावर थंड पाणी ओतत राहा, बर्फ मिळाला तर भिजवलेल्या टॉवेलात घालून लावा. आपत्कालीन क्रमांक आणि मैदानाचा नेमका पत्ता कोच आणि उपकॅप्टन या दोघांच्याही फोनमध्ये आधीच असावा.

चार आठवड्यांच्या मधोमध एकदा पुन्हा काटा काढा, यावेळी हवा बदललेली असेल तर नक्कीच. उष्ण हवेत सराव सुरू केला की पहिल्या दहा-चौदा दिवसांत शरीर तिला सरावतं: घाम लवकर सुटतो आणि जास्त सुटतो. सेंटर बॅकचा २.१ लिटरचा आकडा तेव्हा अडीचच्या जवळ गेला तर घाबरायचं कारण नाही, फक्त त्याची बाटली पुन्हा ठरवावी लागेल. झोपेबद्दल त्याच दिवशी एकच प्रश्न विचारा, तोही एकेकट्याला गाठून: "पाचपैकी किती रात्री जमलं?" दोन म्हणाला तर तिसरी कोणती जमेल ते त्यालाच ठरवू द्या आणि ती रात्र त्याच्याच अक्षरात तुमच्या कागदावर लिहून घ्या.